रिकाम्या खिळ्यावरचा पक्षी

स्टुडिओच्या लांब भिंतीवर चाळीस चित्रं होती आणि एक्केचाळिसावा खिळा रिकामा होता.

चित्रं सगळी मास्तरांच्या हातची. कार्टून काढणाऱ्या त्या स्टुडिओत कुणी नवं माणूस आलं की मास्तर महिनाभर त्याच्याकडे नुसते पाहायचे. ते चहाचा कप कुठल्या हाताने धरतं, दार ढकलतं की हळूच लोटतं, चूक दाखवली की खाली बघतं की छताकडे. मग एके दिवशी सकाळी भिंतीवर एक प्राणी अवतरायचा. खाली नाव नसायचं, पण येणारा-जाणारा थांबून म्हणायचाच, "अरे, हा तर आपला अमका!"

पात्रांना हलवण्या-चालवण्याचं काम करणारा शांत गडी तिथे बदक होता. वरून संथ, पाण्याखाली पायांची नुसती धांदल. तेव्हापासून त्याला सगळे बदकदादाच म्हणायचे. कामाचं वेळापत्रक सांभाळणारी ताई मेंढ्या राखणारी कुत्री होती. एक डोळा घड्याळावर, एक कळपावर. आणि अकरा वर्षांपूर्वी आलेली ती, डोक्यातल्या अंबाड्यात कायम चार-पाच पेन्सिली खोचलेली आणि कुणी काही म्हटलं की फिस्कारणारी, ती साळिंदर.

चित्र पाहून ती तेव्हा आठवडाभर मास्तरांशी बोलली नव्हती. मग एकदा जेवणाच्या सुट्टीत एकटीच भिंतीपुढे उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं, की चित्रातल्या साळिंदराचे काटे उभे नाहीत. मिटलेले आहेत. पोट मऊ, गोल काढलंय, आणि त्या काट्यांमध्ये पेन्सिली नीट विंचरून बसवल्यात. साळिंदर कुणावर धावून जात नाही, घाबरलं की काटे फुलवतं, एवढंच. ते मास्तरांनी महिनाभरात ओळखलं होतं. तिला स्वतःला ते कळायला सव्वीस वर्षं लागली होती. तेव्हापासून तिचं नाव साळू पडलं आणि तिने ते पडू दिलं.

मास्तरांचं चित्र मात्र भिंतीवर नव्हतं. स्वतःला कोण काढणार?

सोमवारी ताई साळूच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "शुक्रवारी चार वाजता मास्तरांचा निरोपसमारंभ. खिळा रिकामा आहे. तो तू भरायचा."

"मीच का?"

"सगळ्यांनी तुझंच नाव घेतलं. आणि हे बघ, शुक्रवार म्हणजे शुक्रवार. शनिवारी मास्तर नसतील."

ताई निघून गेली. अकरा वर्षांत तिने त्या माणसाचे आभार एकदाही मानले नव्हते. शब्द ओठांपर्यंत यायचे आणि तिथे काटे फुलायचे. भांडली मात्र होती मोप. रेघेवरून भांडली, रंगावरून भांडली, एकदा तर अख्खं चित्र फाडून त्यांच्यासमोर टाकलं होतं. आता एकच कागद उरला होता. आणि मास्तरांचीच शिकवण होती, "चुकीचा प्राणी निवडला याचा अर्थ हात कच्चा असा नसतो गं. याचा अर्थ तू त्या माणसाकडे नीट पाहिलंच नाहीस."

अकरा वर्षं पाहिलं नाही, असं त्यांना शेवटच्या दिवशी कळावं?

पहिला धडा तिला अजून तोंडपाठ होता. तिने तेव्हा फणकाऱ्याने विचारलं होतं, "मास्तर, प्राण्यांनी कोट घालून ऑफिसला का जायचं? माणसंच काढू ना सरळ."

मास्तर टेबलाच्या कडेला रेलून उभे होते. ते कधी बसायचेच नाहीत. म्हणाले, "माणूस काढ बरं."

तिने काढला. मास्तरांनी लगेच विचारलं, "हा कुठला? किती वर्षांचा? गरीब की श्रीमंत? कुणासारखा दिसतो? बघ, माणूस काढला की लोक आधी चौकशी करतात. आणि अस्वल काढलंस तर? तर प्रत्येक जण म्हणतो, हा मी. शिवाय हट्टी मुलगा दाखवला तर बघणारं पोर लाजतं, आपल्यालाच टोचून बोलताहेत असं त्याला वाटतं. हट्टी अस्वल दाखवलं तर खदखदून हसतं आणि हळूच शहाणं होतं."

मग त्यांनी कागदावर दोन ठिपके दिले, खाली एक आडवी रेघ. "हे काय?"

"तोंड."

"दोन ठिपके आणि एक रेघ आहे, बाई. तोंड तू घातलंस. आपली जातच तशी आहे. ढगात तोंड दिसतं, दाराच्या कडीत दिसतं. आपण फक्त त्या खोडीला थोडी मदत करायची. डोळे पुढे आणायचे, वर भुवया द्यायच्या, कारण खऱ्या सशाचे डोळे बाजूला असतात, तो तुझ्याकडे पाहतोय हेच कळत नाही. पुढचे पाय मोकळे करून त्यांचे हात करायचे. की झालं, लागला बोलायला."

"आणि कुठला प्राणी ते कसं ठरवायचं?"

"लोकांच्या मनात आधीच काय आहे ते बघायचं. कोल्हा म्हटलं की लबाड, बैल म्हटलं की कष्टाळू. खरा कोल्हा बिचारा काही लबाड नसतो, पण गोष्ट सांगायला मिनिटभर वेळ असला की तयार ओळख कामाला येते. कधी ती वापरायची, कधी मुद्दाम उलटी करायची. पण सुरुवात चेहऱ्यापासून नाही करायची. सवयीपासून करायची. माणूस दिसतो कसा हे विसर, तो वागतो कसा ते बघ."

एवढं सगळं पाठ असूनही साळूने मंगळवारी काय केलं? चेहऱ्यापासूनच सुरुवात केली. घाबरलेलं माणूस पहिल्यांदा शिकलेलंच विसरतं.

आधी कासव काढलं. म्हातारं, सुरकुतलेल्या मानेचं. पण कासव फक्त वय सांगत होतं, आणि मास्तर तर सत्तरीतही जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायचे. मग हत्ती. स्मरणशक्ती दांडगी, मन मोठं. कागदाची चाळीस चित्रांशेजारी कल्पना केली तर हत्तीने भिंतच खाल्ली. मास्तर काडीसारखे. त्यांच्यामुळे कधी कुणाला आपण छोटे आहोत असं वाटलं नव्हतं. शेवटी बुधवारी घुबड जमलं. गोल चष्मा, जाड भुवया, काखेत पुस्तक.

सगळा स्टुडिओ गोळा झाला. "वा! हुबेहूब! शहाणं, शांत, मास्तरच!"

बदकदादा तेवढा मागून चित्र न्याहाळत होता. मग मिश्कीलपणे म्हणाला, "छान आहे. पण आपल्या टकटकचं चित्र आणि त्यात टकटक नाही?"

सगळे हसले. टकटक हे मास्तरांचं पाठीमागचं नाव. ते टेबलांमधून फिरायचे, कुणाच्या तरी मागे थांबायचे, कानावरची लाल पेन्सिल काढून कागदावर दोनदा ठोकायचे. टक, टक. मग मान तिरकी करून थांबायचे. काही बोलायचे नाहीत. त्या थांबण्यात घाम फुटायचा. आणि थोड्या वेळाने आपल्यालाच दिसायचं की नेमकं तिथेच चित्र पोकळ आहे. कोपर खोटं आहे, नाहीतर हसू नुसतंच ओठांवर आहे.

"मग काय सुतारपक्षी काढू?" साळू उखडली. "निरोपाला त्यांची टर उडवू?"

"मी काही म्हटलं नाही," दादा पाण्यावरून सरकावा तसा सरकला.

संध्याकाळी तिने घुबड घरी नेलं. आई दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेली, कार्टूनमधलं तिला ओ की ठो कळायचं नाही, म्हणूनच तिचा निकाल खरा. मास्तरांचाच नियम, नाव सांगायचं नाही, दाखवायचं आणि गप्प बसायचं.

आईने चष्मा पुसून पाहिलं. "कोण गं हे? कुठल्या तरी कॉलेजातले प्राध्यापक?"

"आई, नीट बघ ना."

"मग डॉक्टर असतील. कानाचे." मग एकदम तिच्या लक्षात आलं. "अगं बाई! हे मास्तरांसाठी आहे? निरोपाला घुबड देतेस माणसाला? आमच्या वॉर्डात कुणाला घुबड म्हटलं असतं तर बोलणंच बंद झालं असतं!"

"कार्टूनमध्ये घुबड म्हणजे शहाणं असतं, आई."

"असेल तुमच्याकडे. माझ्याकडे तोंड पाडून बसणाऱ्याला घुबड म्हणतात."

साळू हसता हसता थांबली. आई दोन्हीकडून बरोबर होती. एक तर प्राणी ज्याच्या त्याच्या बोलीत वेगळी ओळख घेऊन येतो, आणि पाहणाऱ्याच्या मनात तो कुठला अर्थ धरून बसलाय ते आधी तपासावं लागतं. आणि दुसरं जास्त बोचणारं. घुबडाचे डोळे मुळातच समोर, चेहरा सपाट, त्याचा माणूस करायला कष्टच पडत नाहीत. तिने जे सोपं पडलं ते काढलं होतं. कुठल्याही शहाण्या म्हाताऱ्याला चालेल असं घुबड. मास्तर त्यात नव्हते.

गुरुवारी सकाळी ती सगळ्यांच्या आधी स्टुडिओत पोचली आणि माळ्यावरच्या खोलीत शिरली. सवयी शोधायच्या तर जुन्या कागदांत शोधाव्या. धुळीने माखलेल्या फायली होत्या. प्रत्येक पात्राची एक फाईल. त्यात मॉडेल शीट असतं, म्हणजे ते पात्र समोरून, बाजूने, पाठीमागून कसं दिसतं, रागावलं तर कान कुठे जातात, हे सगळ्यांना सारखं काढता यावं म्हणून केलेलं पान.

तिने आपल्या पात्राची फाईल उघडली. जिराफ. लोकांच्या नजरेत येऊ नये म्हणून धडपडणारी, लाजरी, उंच जिराफ. तिचं पहिलं गाजलेलं पात्र. लाजरं म्हटलं की सगळे उंदीर काढतात. साळूने सगळ्यात उंच प्राणी घेतला, ज्याला लपायला जागाच नाही, आणि पोरांनी त्या जिराफला डोक्यावर घेतलं. कोपऱ्यात लिहिलेलं होतं, 'पात्ररचना: साळू.'

फाईलच्या तळाशी एक चिटोरा होता. लाल पेन्सिलीची एकच रेघ. दाराच्या चौकटीखाली वाकलेली एक लांब मान.

तो चिटोरा तिला आठवत होता. सहा महिने काही सुचत नव्हतं, नोकरी सोडून द्यावी असं वाटत होतं, तेव्हा एक दिवस तो तिच्या टेबलावर पडला होता. कुणाचा तरी टाकाऊ कागद असेल असं समजून तिने ती मान उचलली आणि पुढचं सगळं आपलं आपण केलं, असं इतकी वर्षं मानत आली होती.

तिने दुसरी फाईल उघडली. तिसरी. बदकदादाचा उसना रुबाब मिरवणारा कोंबडा, तळाशी लाल रेघेची ताठ छाती. प्रत्येक फाईलच्या तळाशी एक चिटोरा, आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात दुसऱ्याच कुणाचं नाव. मास्तरांचं नाव असलेली फाईल त्या खोलीत एकही नव्हती.

डोळे भरून आले तशी ती खाली आली आणि गाड्या लावायच्या अंगणातल्या जुन्या झाडाखाली बाकावर जाऊन बसली. माळीकाका पाइपने पाणी घालत होते. वर खोडात ढोल्याच ढोल्या. एकीतून एका साळुंकीने डोकं बाहेर काढलं, इकडेतिकडे पाहिलं, पुन्हा आत.

"चांगलं घर केलंय बाईंनी," साळू नाक ओढत म्हणाली, काहीतरी बोलायचं म्हणून.

"तिने कुठलं केलंय?" काका हसले. "साळुंकीच्या चोचीत एवढा जोर आहे का? ढोली सुतारपक्ष्याची. तो ठोकतो, कान देतो, खोड कुठं पोकळ आहे ते हेरतो. घर पाडतो, एक हंगाम राहतो, पोरं वाढवतो आणि पुढल्या वेळी बहुतेक नवीनच पाडतो. जुनी सोडून देतो. मग ज्याला स्वतःला पाडता येत नाही तो येतो. साळुंकी, पोपट, खार, लहान घुबडं. अहो, काही ठिकाणी तर बदकंसुद्धा झाडाच्या ढोलीत अंडी घालतात म्हणे. निम्मं झाड त्याच्या जिवावर नांदतं, आणि लोक म्हणतात काय कटकट लावलीय सकाळपासून."

पाइपातलं पाणी आळ्याबाहेर वाहत होतं. साळू कधीच उठून पळाली होती.

टकटक. ज्या सवयीवर सगळे हसत होते तीच सवय, पण ती अर्धीच पाहिली होती. ठोकणं तेवढं ऐकलं होतं. ठोकल्यानंतर ढोलीत कोण राहायला आलं, हे कुणी मोजलंच नव्हतं.

दिवसभर ती टेबलावरून उठली नाही. चोच मोठी अडचण होती. लांब, टोकदार, समोरून काढली की तोंडच झाकून टाकते, आणि तोंड नाही तर हसू कुठून आणायचं? म्हणून तिने चेहरा पाऊण वळवला आणि हसू चोचीवर न ठेवता डोळ्याखालच्या फुगीर गालात ठेवलं. टोकदार आकार डोळ्यांना बोचतात, धाक घालतात, गोल आकार जवळ बोलावतात. चोच टोकदार राहू दिली, पण पोट गोल केलं, मास्तरांच्या ढगळ जुन्या स्वेटरने फुगलेलं. पंखांच्या टोकाच्या पिसांची बोटं केली. आणि लाल तुरा? मास्तरांच्या डोक्यावर तर केसाचा पत्ता नव्हता. ती क्षणभर अडली आणि मग एकटीच मोठ्याने हसली. टक्कल तसंच ठेवून कानामागून लाल पेन्सिल वर काढली, तोच तुरा.

मग झाड काढलं. त्यात ढोल्या, आणि ढोल्यांत भिंतीवरची सगळी मंडळी. बदक एका ढोलीत ऐटीत. मेंढ्यांची कुत्री ढोलीत मावेना म्हणून बुंध्याशी, हजेरी घेत. साळिंदर मुळांमधल्या पोकळीत, काटे मिटून.

संध्याकाळी तिने पक्ष्याची फक्त काळी सावली कापून आईपुढे धरली. आत ना डोळा, ना रंग, नुसती बाह्यरेषा. आकृती खरी असेल तर सावलीतही ओळखू यायला हवी, हाही मास्तरांचाच नियम.

आईने हातातल्या टॉवेलाची घडी अर्धीच सोडली. "ही तिरकी मान..." ती म्हणाली. "तुझे मास्तर ना हे? माझं ऑपरेशन झालं तेव्हा आले होते बघ. माझी सगळी रड ऐकून घेतली, मान अश्शी वाकडी करून. बसा म्हटलं तर बसेनात."

"ते आले होते? मला नाही सांगितलंस!"

"त्यांनीच नको म्हटलं. म्हणे, ती संकोचेल."

टॉवेलाची उरलेली घडी साळूने घातली.

शुक्रवारी चार वाजता सगळे भिंतीपाशी जमले. ताईने घड्याळ पाहिलं आणि चित्रावरचा कागद ओढला.

कुणीच हसलं नाही. मास्तर पुढे झाले. आधी पक्ष्याकडे पाहिलं, मग एकेका ढोलीकडे, अगदी हळू, जणू घरोघर जाऊन प्रत्येकाची चौकशी करत होते. मुळाशी साळिंदर दिसलं तेव्हा थांबले.

"ही मंडळी ढोल्यांत कशी आली?" त्यांनी विचारलं.

साळूचे काटे फुलायच्या बेतात होते. तिने ते मिटले. "तुम्ही पाडलेल्या आहेत, मास्तर. आम्ही राहतो. मला वाटत होतं माझी मीच पाडली. काल चिटोरे सापडले." मग मान वर करून तिने थेट मास्तरांकडे पाहिलं. "अकरा वर्षं उशीर झाला. थँक्यू."

मास्तरांनी कानामागची लाल पेन्सिल काढली.

टक, टक. पक्ष्याच्या शेपटीपाशी.

आणि मान तिरकी करून थांबले.

साळूने पाहिलं. पाहिलं आणि तिला दिसलं. तिने पक्ष्याला माणसासारखं दोन पायांवर ताठ उभं केलं होतं. शेपटी मागे नुसती लोंबत होती, शोभेची.

"हे खोटं आहे," ती पुटपुटली.

"माणूस जरा जास्त झाला," मास्तर म्हणाले. "थोडा पक्षी राहू द्यावा. सगळाच माणूस केला तर पक्षी घेतला कशाला? हा खोडावर नुसता उभा राहत नाही. शेपटी खोडाला टेकवतो, तिच्यावर भार टाकतो. टेकल्याशिवाय ठोकता येत नाही, साळू." त्यांनी एकच लाल रेघ ओढली, आणि पक्षी झाडाला रेलला. ते ज्या तऱ्हेने रोज प्रत्येकाच्या टेबलाला रेलायचे, अगदी तसाच. त्यांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं. "मला इतकी वर्षं टेकायला मिळालं."

ताईने घड्याळाकडे पाहिलं नाही. बदकदादा वरूनही संथ राहिला नव्हता.

मास्तरांनी स्वतःच चित्र उचलून एक्केचाळिसाव्या खिळ्यावर लावलं, जरासं डावीकडे सरळ केलं. मग वळून ती लाल पेन्सिल साळूच्या अंबाड्यात, बाकीच्यांच्या शेजारी, नीट विंचरून खोचली.

"सोमवारी एक नवा येतोय," ते म्हणाले. "महिनाभर नुसतं बघायचं. घाई नाही."